‘प्लॅन अपग्रेड’च्या मेसेजमधला खरा आकडा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या रामबागेत राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिका काकूंना मे महिन्यात त्यांच्या मोबाईल कंपनीचा इंग्रजीत मेसेज आला. त्याचा आशय असा: अभिनंदन, आपला पोस्टपेड प्लॅन अपग्रेड होत आहे, पुढच्या बिलापासून 40 ऐवजी 75 जीबी डेटा मिळेल, एक मनोरंजन ऍप 3 महिने मोफत मिळेल, नवे भाडे फक्त 449 रुपये, अटी लागू. जुने भाडे किती होते आणि बदल नको असल्यास काय करायचे, हे त्यात कुठेच नव्हते. काकूंनी तो मला वाचायला दिला. असे मेसेज अनेक घरांत येत असणार, म्हणून तो आम्ही कसा वाचला ते सविस्तर लिहितो.

आधी तो मेसेज खरा आहे का, हे पाहिले. कंपनीचा मेसेज दहा आकडी मोबाईल नंबरवरून येत नाही, पाठवणाऱ्याच्या जागी अक्षरी नाव असते. 2025 पासून त्या नावाच्या शेवटी एक अक्षरही असते: `-P` म्हणजे जाहिरात, `-S` म्हणजे सेवेसंबंधी सूचना. `-P` असेल तर बहुधा ती नुसती ऑफर असते आणि आपण काही केले नाही तर काही बदलत नाही. काकूंच्या मेसेजला `-S` होते, म्हणजे बदल खरोखर होणार होता. तरीही त्यातली लिंक आम्ही दाबली नाही. कंपनीच्या ऍपमध्ये जाऊन शेवटचे बिल उघडले.

हिशेब मेसेजवरून होत नाही, बिलावरूनच होतो. काकूंचे जुने भाडे 399 रुपये. मेसेजमधले 449 वाचून 50 रुपयेच वाढले असे वाटते. पण पोस्टपेडचे भाडे कर सोडून सांगतात आणि बिलात त्यावर 18 टक्के जीएसटी लागतो. म्हणजे आतापर्यंत काकू महिन्याला 470 रुपये 82 पैसे भरत होत्या, आता 529 रुपये 82 पैसे भरणार. वाढ 59 रुपयांची, वर्षाला 708. (प्रीपेडच्या किमतीत कर धरलेला असतो. दोन्हींची तुलना करताना हे ध्यानात ठेवावे, नाहीतर पोस्टपेड उगाच स्वस्त वाटते.)

दुसरी गोष्ट ‘मोफत’ ऍपची. अटींच्या पानावर खाली लिहिले होते की 3 महिन्यांनंतर ते दरमहा 149 रुपये अधिक कर या दराने आपोआप चालू राहील. करासह 175 रुपये 82 पैसे. काकूंनी ते ऍप सुरू केले असते आणि विसरल्या असत्या तर चौथ्या महिन्यापासून त्यांचे बिल पूर्वीपेक्षा जवळजवळ 235 रुपयांनी फुगले असते. आणि वाढीव डेटाचे म्हणाल तर बिलातच दिसत होते की त्या महिन्याला 6 जीबीसुद्धा वापरत नाहीत. जो डेटा लागतच नाही, त्याचे पैसे द्यायचे.

आता नकार कसा द्यायचा. इथे दोन गोष्टी वेगळ्या धराव्या लागतात. ऍप, कॉलर ट्यून यांसारखी जादा पैशांची सेवा ग्राहकाने स्पष्ट होकार दिल्याशिवाय कंपनीला सुरू करता येत नाही. होकारही दोनदा घ्यावा लागतो. चुकून सुरू झालीच तर 155223 या टोल-फ्री नंबरवर ती बंद करता येते. मूळ प्लॅनच्या भाड्याचे मात्र तसे नाही. तिथे आपण गप्प राहिलो तर वाढ लागू होते.

पण त्यालाही मर्यादा आहे, आणि ती फार थोड्या लोकांना माहीत असते. दूरसंचार नियामक ट्रायच्या दर-आदेशाप्रमाणे ग्राहक एखाद्या प्लॅनमध्ये आला की त्या दिवसापासून 6 महिने त्या प्लॅनमधला कोणताही दर त्याच्या नुकसानीचा होईल असा बदलता येत नाही. दर कमी मात्र केव्हाही करता येतो. ग्राहकाला मात्र या 6 महिन्यांतही दुसऱ्या प्लॅनमध्ये जाण्याची मोकळीक असते. काकू प्रीपेडवरून या प्लॅनमध्ये आल्या 14 फेब्रुवारीला. तो स्वागताचा मेसेज त्यांच्या फोनमध्ये अजून होता. म्हणजे 13 ऑगस्टपर्यंत 399 च्या वर भाडे घेण्याचा कंपनीला अधिकारच नव्हता.

आम्ही कंपनीच्या 198 या तक्रार नंबरवर फोन लावला. पलीकडचा मुलगा म्हणाला, ‘‘मॅडम, सिस्टीमने सगळ्यांचंच अपग्रेड झालंय, माझ्या हातात काही नाही.’’ काकूंनी शांतपणे प्लॅन सुरू झाल्याची तारीख सांगितली, 6 महिन्यांचा नियम सांगितला आणि तक्रार नोंदवून डॉकेट नंबर मागितला. नुसते बोलून फोन ठेवला की पुढे काहीच हाती राहत नाही; डॉकेट नंबर असेल तरच वर जाता येते. निकाल पटला नाही किंवा मुदतीत आलाच नाही, तर 30 दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे अपील करता येते. त्याला फी लागत नाही. काकूंवर ती वेळ आली नाही, ऑगस्टपर्यंत जुने भाडे कायम ठेवल्याचा मेसेज आला.

ज्यांचे 6 महिने उलटले आहेत, त्यांना जुने भाडेच हवे असा हट्ट धरता येणार नाही. त्यांच्यापुढे तीन वाटा आहेत. पहिली, त्याच कंपनीचा लहान प्लॅन मागणे. कंपनी सहसा महागडे प्लॅनच पुढे करते. ट्रायच्या tariff.trai.gov.in या संकेतस्थळावर मध्य प्रदेश परिमंडळ निवडले की तिथे लागू असलेले प्लॅन दिसतात, त्यातले नाव सांगून मागावे. दुसरी, नंबर तोच ठेवून प्रीपेड करून घेणे. तिसरी, कंपनी बदलणे. `PORT`, मग जागा सोडून आपला नंबर, असा मेसेज 1900 वर पाठवला की कोड येतो आणि आपल्याकडे तो 4 दिवस चालतो. सध्याच्या कंपनीत 90 दिवस झालेले असावेत आणि मुदत उलटलेले बिल थकलेले नसावे, नाहीतर अर्ज परत येतो. पोर्ट झाल्यावर जुन्या कंपनीचे शेवटचे बिल येते, तेही भरावे. ‘आता आपला काय संबंध’ म्हणून सोडले तर नव्या कंपनीत सुरू झालेला नंबर बंद होऊ शकतो. यांपैकी काहीही करायचे तर नवे बिलचक्र सुरू होण्याच्या चार-सहा दिवस आधी करावे. मध्येच बदल झाला की एकाच बिलात दोन प्लॅनचे तुकड्यातुकड्याने भाडे लागते आणि ते तपासणे अवघड जाते.

काकूंना 6 महिन्यांचा नियम कळला तो शेजारच्या घरात कोणीतरी बिल वाचणारे होते म्हणून. एरवी त्या 449 भरत राहिल्या असत्या, कारण मेसेजमध्ये अभिनंदनच होते. मला हे अजिबात मान्य नाही. करासह जुनी रक्कम, करासह नवी रक्कम, बदलाची तारीख आणि नको असल्यास कोणत्या नंबरवर काय कळवायचे, एवढ्या चार गोष्टी हिंदीत आणि इंग्रजीत त्याच मेसेजमध्ये लिहिण्याची सक्ती ट्रायने करावी. मी तसे त्यांना लेखी कळवत आहे. आपल्या वाचकांपैकी कोणाला असा मेसेज आला असेल, तर त्यांनीही तो जपून ठेवावा आणि पत्रासोबत जोडून पाठवावा.

आपला,
एक वाचक
रामबाग, इंदूर