अठरा ग्रॅमच्या रबराला अठ्ठावन्न ग्रॅम प्लास्टिक

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या मिक्सरच्या भांड्याची रिंग सैल झाली. चटणी वाटताना झाकणाखालून पाणी यायला लागलं. गोखले रोडवरच्या दोन दुकानांत विचारलं, तर मॉडेल जुनं असल्याने रिंग नाही म्हणाले. म्हणून जुलैच्या पहिल्या आठवड्यात ऑनलाइन मागवली. दोन रिंगांचं पाकीट होतं. तिसऱ्या दिवशी कुरिअरवाला जे देऊन गेला ते पाहून सौ. म्हणाली, "अहो, रिंग मागवलीत की अख्खा मिक्सर?"

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी २८ वर्षं स्टोअर्समध्ये काढली. खोका हातात आला की आधी त्याचं वजन आणि माप बघायचं, ही खोड अजून गेलेली नाही. तेव्हा सुरी, फूटपट्टी आणि स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घेऊन बसलो. सगळ्यात बाहेर राखाडी रंगाची कुरिअर बॅग होती आणि तिच्यावर बिलाचं पारदर्शक पाकीट चिकटवलेलं होतं. बॅगेत ३० बाय २२ बाय १२ सेंटिमीटरचा पुठ्ठ्याचा खोका होता, चारही बाजूंनी खाकी चिकटपट्टीने बांधलेला. खोक्यात हवेने फुगवलेल्या पाच उशा आणि त्यांच्यामध्ये दुसरी, लहान कुरिअर बॅग. त्या बॅगेत तीन वेढे बबल रॅप, रॅपमध्ये झिपची पिशवी आणि पिशवीत एकदाच्या त्या दोन रिंगा. रबराची रिंग सातव्या मजल्यावरून खाली टाकली तरी तिला काही होत नाही. तिला बबल रॅप कशापासून वाचवत होता, हे मला अजून कळलेलं नाही.

काट्यावर दोन्ही रिंगा मिळून १८ ग्रॅम भरल्या. बाहेरची बॅग आणि बिलाचं पाकीट २४, बबल रॅप १५, आतली बॅग ६, चिकटपट्टी ६, उशा ५ आणि झिपची पिशवी २. म्हणजे प्लास्टिक झालं ५८ ग्रॅम, मालाच्या तिपटीहून जास्त. पुठ्ठा वेगळा, १५० ग्रॅम.

पुठ्ठ्याबद्दल माझी फार तक्रार नाही, कारण गल्लीत येणारा भंगारवाला तो घेतो. प्लास्टिक पुढे केलं तर म्हणाला, "काका, पुठ्ठा द्या, ही पन्नी नको." त्याचंही खरंच आहे. बॅग एका जातीच्या प्लास्टिकची, चिकटपट्टी दुसऱ्या, आणि वर कागदी लेबल असं चिकटवलेलं की नखाने सोलायला गेलं तर निम्मं बॅगेवरच राहतं. दोन जातींचं प्लास्टिक एकत्र वितळवलं तर दाणा कमअस्सल निघतो, त्यात कागदाचा लगदा मिसळला तर विचारायलाच नको. त्यामुळे असली पन्नी निवडून, लेबलं कापून गोळा करत बसायला कोणाला परवडत नाही. घंटागाडीत सुक्या कचऱ्यात गेली तरी पुढे तिची गत तीच. (बबल रॅप तेवढा सौ. ठेवून घेते, लोणच्याच्या बरण्यांना गुंडाळायला. पण बरण्या सहा आहेत आणि रॅपने कपाटाचा एक खण भरलाय.)

त्याच संध्याकाळी मी रागाच्या भरात पहिला ईमेल पाठवला. पर्यावरण, आपली पुढची पिढी, प्लास्टिकबंदी असं सगळं त्यात होतं. 'हे बेकायदा आहे' असंही ठोकून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. एवढंच. पुढे काही नाही.

नीट विचार केल्यावर माझ्या दोन चुका लक्षात आल्या. पहिली म्हणजे मी पत्र चुकीच्या दारात टाकलं होतं. ते गेलं होतं ज्या ऑनलाइन बाजारातून रिंग घेतली त्याच्या ग्राहक सेवेकडे. पण चिकटपट्टी साधी होती, त्या बाजाराचं नाव छापलेली नव्हती, आणि लेबलवर पाठवणाऱ्याचा पत्ता भिवंडीतल्या एका गोदामाचा होता. बिलावर विक्रेत्याचं नाव आणि ईमेल होता. म्हणजे पॅकिंग विक्रेत्याचं होतं आणि ग्राहक सेवेतला माणूस त्यात काही बदलू शकत नव्हता. दुसरी चूक 'बेकायदा' या शब्दाची. १ जुलै २०२२ पासून देशात ज्या एकदाच वापरायच्या वस्तूंवर बंदी आली त्यांत ताटल्या, पेले, स्ट्रॉ आहेत, मिठाईच्या खोक्यावरची पातळ पन्नीसुद्धा आहे, पण कुरिअरची बॅग नाही. १२० मायक्रॉनची अट आहे ती हातात धरून न्यायच्या पिशवीला. त्यामुळे बंदीचा धाक घातला की समोरच्याला 'आम्ही नियमात आहोत' म्हणायची आयती सोय होते. नियम आहे तो वेगळा. २०२२ च्या नियमांप्रमाणे पॅकिंगचं प्लास्टिक परत गोळा करून त्याची विल्हेवाट लावायची जबाबदारी उत्पादक आणि ब्रँडवाल्यांवर टाकलेली आहे, मोठे ऑनलाइन बाजारही त्यात येतात, आणि त्यासाठी त्यांना नोंदणी करावी लागते. तो नोंदणी क्रमांक विचारता येतो.

२२ जुलैला मी दुसरा ईमेल लिहिला. या वेळी विक्रेत्याला, आणि प्रत ऑनलाइन बाजाराच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे या अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. विषयाच्या ओळीत ऑर्डर क्रमांक आणि 'पॅकिंगच्या खोक्याचं माप चुकलं आहे' एवढंच लिहिलं. मजकूर असा होता:

"महोदय, वरील ऑर्डरमध्ये मिक्सरच्या दोन रबरी रिंगा आल्या. माल चांगला आहे, परतावा नको. रिंगांचं वजन १८ ग्रॅम, पाकिटाचं माप १८ बाय १८ बाय १ सेंटिमीटर. त्या ३० बाय २२ बाय १२ च्या खोक्यात आल्या. आकारमानावरून आपल्या पार्सलचं वजन १.५८ किलो धरलं जातं, प्रत्यक्षात ते २२६ ग्रॅम होतं. याच रिंगा पाकिटात पाठवल्या असत्या तर आकारमानाचं वजन ६५ ग्रॅम झालं असतं. कृपया या वस्तूची मापं तपासावीत, बबल रॅप आणि हवेच्या उशा काढाव्यात आणि कागदी पाकीट शक्य आहे का ते कळवावं. वापरलेल्या प्लास्टिकचा नोंदणी क्रमांकही कळवावा. सोबत तीन फोटो."

फोटोंत एक फूटपट्टी शेजारी ठेवलेल्या बंद खोक्याचा, एक सगळे थर ओळीने मांडलेला आणि एक लेबलचा होता.

यात खरा दणका आहे तो १.५८ किलोचा. कुरिअरवाले नुसतं काट्यावरचं वजन धरत नाहीत. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची, साधारणपणे ५००० ने भागायचं, येईल ते किलो. हे आणि खरं वजन यांपैकी जे जास्त, त्यावर भाडं. माझ्या खोक्याचे ३० गुणिले २२ गुणिले १२ म्हणजे ७९२०, भागिले ५००० म्हणजे १.५८. भाडं अर्ध्या किलोच्या टप्प्याने लागत असेल तर विक्रेत्याने एका टप्प्याऐवजी चार टप्प्यांचे पैसे मोजले. कशासाठी, तर भिवंडीहून ठाण्याला हवा आणण्यासाठी. पर्यावरणाने जे हललं नाही ते या गुणाकाराने हललं.

पोच दुसऱ्या दिवशी आली. नवव्या दिवशी चक्क फोन आला. गोदामातला एक तरुण होता, मराठीत बोलत होता आणि जरा वैतागलेलाही होता. "काका, आम्ही मुद्दाम नाही करत हो," म्हणाला. त्याने जे सांगितलं ते ऐकून मला माझं स्टोअर्स आठवलं. वेबसाइटवर रिंगेचं पान टाकताना कोणीतरी मिक्सरच्या भांड्याच्या पानाची नक्कल केली होती. नाव, किंमत, फोटो बदलले, लांबी-रुंदी-उंची मात्र भांड्याचीच राहिली. पॅकिंगच्या टेबलावर बारकोड मारला की कॉम्प्युटर सांगतो कुठला खोका घ्यायचा, आणि तो रिंगेला भांड्याचा खोका सांगत होता. खोका मोकळा राहिला तर ढिगाऱ्यात खाली दबतो, म्हणून उशा. मागे कधीतरी भांडी फुटून परत आली होती, तेव्हा 'मिक्सरच्या सुट्या भागांना बबल रॅप' असा हुकूम निघाला, त्यात रबरही आलं. टेबलावरच्या पोराला दिवसाला ठरलेले नग काढायचे असतात, तो स्क्रीनशी वाद घालत बसत नाही.

बाहेरच्या बॅगेबद्दल मात्र त्याने मला गप्प केलं. जुलैत भिवंडीच्या रस्त्यावर टेम्पोतून माल उतरतो तेव्हा पुठ्ठा भिजून मऊ पडतो, लेबलही ओलं होऊन गळून पडतं. मग पार्सल कोणाचं तेच कळत नाही. पावसाळ्यात वरून बॅग लागते, हे मला मान्य करावं लागलं. पण मग आत खोका कशाला? रिंग सरळ त्या बॅगेतच टाकली की झालं. यावर तो थोडा थांबला आणि "टाकतो म्हणून सांगतो वरती," म्हणाला.

गेल्या आठवड्यात कळव्याच्या मेव्हणीला तीच रिंग हवी होती. मी मुद्दाम त्याच विक्रेत्याकडून मागवायला लावली आणि आल्यावर काटा घेऊन तिच्याकडे गेलो. (मेव्हणे हसले.) एकच लहान बॅग, आत झिपची पिशवी. प्लास्टिक ९ ग्रॅम, पुठ्ठा शून्य. कागदी पाकिटाचं दिवाळीनंतर बघू, पावसात ते फाटतं, असं ईमेलने कळवलं आहे. तेही एका परीने बरोबर आहे.

हा बदल एका वस्तूपुरता आहे, हे मी जाणून आहे. परवाच मुलाने दुसऱ्या कोणाकडून मोबाइलचं काचेचं कव्हर मागवलं, ते बुटांच्या खोक्याएवढ्या खोक्यात आलं. त्याचं माप मी घेऊन ठेवलं आहे. आपल्या वाचकांपैकी कोणाकडे असं पार्सल आलं असेल तर खोका फाडण्याआधी फूटपट्टी लावावी, एकदा फाडला की उंची नीट मिळत नाही.

नोंदणी क्रमांकाच्या प्रश्नाला मात्र विक्रेत्याने अजून उत्तर दिलेलं नाही. महिना २२ ऑगस्टला पुरा होतो.

आपला,
एक वाचक, नौपाडा, ठाणे (प.)
(नाव व पत्ता कार्यालयाकडे दिला आहे.)