काचबिंदूच्या थेंबांतला न दिसणारा घटक : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णालयांत मी नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून काम केले आणि आता निवृत्त आहे. सरकारी औषधसाठ्यात डोळ्यांचे कोणते थेंब यावेत, याबद्दल हे पत्र आहे. सुरुवात एका मावशीपासून करतो.

वय बासष्ट. अर्धे आयुष्य कापूस वेचण्यात गेलेले. दोन्ही डोळ्यांना काचबिंदू, सहा वर्षांपासून थेंब सुरू. एका फेब्रुवारीत त्या ओपीडीत आल्या तेव्हा डोळे लाल होते आणि पाण्याची धार लागलेली. म्हणाल्या, "साहेब, औषीद टाकलं का डोयात मिरची टाकल्यावानी होते. म्हून मी आता टाकतच नाई रोज." डोळ्यातला दाब मोजला तर २८ निघाला. आधी तो १६-१७ वर बसलेला होता.

आमच्याकडे अशा तक्रारीचे उत्तर तयार असते : कापसाची धूळ असेल, ऊन असेल, चुलीचा धूर असेल. मीही अनेक वर्षे हेच उत्तर देत आलो, आणि त्याची मला खंत आहे. त्या दिवशी मात्र फ्लुरोसीन या रंगाची पट्टी डोळ्याला लावली आणि स्लिट लॅम्प या डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाच्या निळ्या उजेडात पाहिले. दोन्ही बुबुळांच्या खालच्या भागात हिरव्या ठिपक्यांची रांगोळी पडलेली होती. पृष्ठभागावरच्या पेशी जिथे झडतात तिथे हा रंग धरतो. धुळीचा कण घासला असता तर एका डोळ्यात एखादी रेघ दिसली असती. दोन्ही डोळ्यांत सारखे ठिपके आणि थेंब टाकताच वाढणारी आग, म्हणजे आधी बाटलीवर संशय घ्यायला हवा.

मग मी त्यांच्या पिशवीतल्या सगळ्या बाटल्या टेबलावर मांडल्या. काचबिंदूचे तीन थेंब : लॅटॅनोप्रोस्ट रात्री एकदा, टिमोलॉल दोनदा, ब्रिमोनिडिन दोनदा. आग होते म्हणून गावातल्या मेडिकलवाल्याने दिलेले वंगणाचे थेंब दिवसातून सहादा. चारही बाटल्यांच्या लेबलवर बारीक अक्षरात एकच नाव होते : बेन्झाल्कोनियम क्लोराईड. एका डोळ्यात दिवसाला अकरा थेंब, म्हणजे वर्षाला चार हजारांवर. आणि त्यांतले निम्म्याहून अधिक थेंब आग शमवायला म्हणून टाकलेले.

हा घटक औषधाचा नव्हे, बाटलीचा रखवालदार आहे. एकच बाटली महिनाभर उघडायची, तिचे टोक पापणीला लागणार, आत जंतू वाढणार. ते मारायला तो घालतात. प्रमाण साधारण ०.०१ ते ०.०२ टक्के. त्याचे काम साबणासारखे चालते, जंतूच्या पेशीचे आवरण तो फोडतो. पण जंतूची पेशी कोणती आणि बुबुळाची कोणती हे त्याला कळत नाही. अश्रूंवर तेलाचा पातळ थर असतो, तो मोडला की अश्रू लवकर उडून जातात. डोळ्याला ओलसर, चिकट ठेवणारा स्राव करणाऱ्या पेशी कमी होतात. आठवडाभराच्या थेंबांनी बहुतेकांचे काही बिघडत नाही. पण काचबिंदूचे थेंब जन्मभराचे. जितके थेंब आणि जितकी वर्षे, तितकी इजा साठत जाते. पुढे काचबिंदूची शस्त्रक्रिया करावी लागली, तर अशा सुजलेल्या डोळ्यात ती फसण्याचा धोकाही वाढतो.

प्रत्येक जळजळीचा दोष याच घटकाला देणे बरोबर नाही. ब्रिमोनिडिनची स्वतःचीच ॲलर्जी अनेकांना होते. त्यात खाज जास्त असते आणि पापण्यांची कातडीही लाल होते. सगळे प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे बाटलीचे असे रखवालदार, सारखे कडकही नसतात. वंगणाच्या काही बाटल्यांत सौम्य घटक असतात, ते डोळ्यात गेल्यावर मोडून निरुपद्रवी होतात. म्हणूनच लेबल वाचणे आवश्यक आहे.

मावशींचे औषध बदलणे माझ्या अधिकारातले नव्हते. जिल्ह्याच्या नेत्रतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. त्यांनी औषध बंद केले नाही, तसे केले असते तर उरलेली नजरही गेली असती. टिमोलॉल आणि ब्रिमोनिडिन एकाच बाटलीत मिळणारे जोडऔषध दिले. लॅटॅनोप्रोस्ट प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले आणि वंगणाचे थेंब एकदाच वापरायच्या छोट्या कुप्यांतले लिहून दिले. अकरातले नऊ थेंब असे त्या घटकापासून सुटले. अडीच महिन्यांनी मावशी आल्या तेव्हा ऐन मे महिना होता, बाहेर लू चालू होती, आणि बुबुळावर मोजून पाच-सहा ठिपके उरले होते. दाब १७. मात्र थेंब चुकवलेल्या महिन्यांत बाजूची जी नजर गेली, ती परत आली नाही. काचबिंदूत ती येत नाही.

ती औषधे मुलाने नागपूरहून विकत आणली, कारण माझ्या साऱ्या नोकरीत आमच्या औषधसाठ्यात असा थेंब एकदाही आला नाही. सोयाबीन विकून आलेल्या पैशातून दर महिन्याला हा खर्च किती घरांना झेपेल, हे आपल्याला मी सांगायला नको.

सगळ्या बाटल्या बदला असे मी म्हणत नाही, ते चूकही ठरेल. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर महिनाभर चालणाऱ्या थेंबांसाठी साधी बाटली पुरते, आणि रखवालदार नसलेली बाटली निष्काळजीपणे वापरली तर डोळ्यात जंतू जाऊन बुबुळ पिकू शकते. पण ज्यांना दोन किंवा अधिक औषधे कायमची आहेत, आणि ज्यांच्या बुबुळावर ठिपके दिसले आहेत, एवढ्यांसाठी राज्याच्या खरेदी यादीत प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले वंगण आणि काचबिंदूचा निदान एक तसा थेंब असावा. युरोपच्या औषध नियामकाने 2009 मध्येच सांगितले आहे की ज्यांना प्रिझर्व्हेटिव्ह सोसत नाही, त्यांच्यासाठी तो नसलेले थेंब उपलब्ध असायला हवेत.

खरेदी करताना आमच्या लोकांचे हात डोळ्यांपुढे ठेवा. झडपेच्या बाटलीत जंतू आत शिरत नाहीत, म्हणून ती प्रिझर्व्हेटिव्हशिवाय टिकते. पण ती जोरात दाबावी लागते आणि सांधे धरलेल्या बोटांना ते जमत नाही. कुपी मोडायला सोपी, पण तिच्यात दोन्ही डोळ्यांना पुरून उरेल इतके औषध असते. ते उरलेले फेकायला जीव होत नाही, लोक टोपण लावून देवळीत ठेवतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा वापरतात. म्हणून कुपीबरोबर समजावणारे माणूस लागेल, आणि सूचना मराठीत मोठ्या अक्षरात लागेल.

त्याआधी एक अगदी स्वस्त गोष्ट करता येईल. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात फ्लुरोसीनच्या पट्ट्या कायम असाव्यात, आणि काचबिंदूच्या प्रत्येक रुग्णाच्या कार्डावर दाबाच्या आकड्याशेजारी ठिपके आहेत की नाहीत हे दर भेटीत लिहिले जावे. मावशींच्या कार्डावर सहा वर्षांत दाब एकोणीस वेळा लिहिला होता. ठिपक्यांबद्दल एक शब्दही नव्हता. त्यांतल्या बऱ्याच नोंदींखाली सही माझी आहे.

आपला नम्र,
एक सेवानिवृत्त नेत्रचिकित्सा अधिकारी
जि. यवतमाळ