करारावर एक, घरात तिघे: नाशिकच्या पोलीस आयुक्तांना खुले पत्र

मा. पोलीस आयुक्त साहेब,
नाशिक शहर.

सप्रेम नमस्कार.

पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या वन बीएचके फ्लॅटमध्ये या महिन्यात नवा भाडेकरू आला. त्याची माहिती, ओळखपत्रांच्या प्रती आणि नोंदणी केलेल्या भाडेकराराची प्रत मी आमच्या हद्दीतल्या ठाण्यात दिली आहे. माणूस सरळ आहे, त्याच्याबद्दल काही तक्रार नाही, म्हणून त्याचे नाव इथे देत नाही. आम्ही मालक लोक जे कागद जोडतो त्यांतून घरात कोण राहते हे पोलिसांना कितपत कळते, त्याबद्दल आपल्याशी बोलायचे आहे.

मुलगा साक्री तालुक्यातला, अंबडच्या एका कारखान्यात सीएनसी मशीन चालवतो. करार लिव्ह अँड लायसन्सचा, अकरा महिन्यांचा, भाडे ११,५०० रुपये, डिपॉझिट ५०,००० रुपये. नोंदणी करून देणारा एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन घरीच आला. आधारवर अंगठे जुळले, फोटो निघाले, काम झाले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय वाद झालाच तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरे धरले जाते. त्यामुळे निदान ही नोंदणी तरी आता बरेच जण करतात.

पण करारावर नाव एकट्याचे. राहणार तिघे: तो, सातपूरला आयटीआय करणारा त्याचा धाकटा भाऊ आणि त्याच्याच शिफ्टमधला एक मित्र. मी एजंटला विचारले, तर तो म्हणाला, "काका, नावे वाढवली की अंगठे वाढतात. एकाचाच करून टाका, बाकीचे राहतात तसे राहू द्या." त्याच्या दृष्टीने ते बरोबरच होते. भाडे देणारा एक, डिपॉझिट देणारा एक, म्हणून करारही एकाशी. कायद्याने त्यात काही वावगे नाही. मात्र त्याच कराराची झेरॉक्स "सोबत भाडेकरार जोडला आहे" असे लिहून ठाण्यात जाते, तेव्हा कागदोपत्री त्या घरात एकच माणूस राहतो. अंबड, सिडको, सातपूर पट्ट्यात कामगारांच्या खोल्या अशाच भाड्याने जातात. एकाच्या नावावर करार आणि शिफ्टप्रमाणे झोपणारे चार जण, हे तिथल्या कुठल्याही बीट अंमलदाराला तोंडपाठ असेल. फाइलमध्ये मात्र ते दिसत नाही.

म्हणून मी अर्जाला एक जादा कागद जोडला. वर लिहिले, "करारात नाव नसलेले, पण सदर सदनिकेत राहणारे", आणि खाली भाऊ व मित्र यांची पूर्ण नावे, वय, मूळ गाव, मोबाइल, कुठे शिकतो किंवा काम करतो, करारातल्या भाडेकरूशी नाते आणि राहायला आल्याची तारीख. दोघांच्या सह्या आणि फोटो. त्यांना त्यात काही खटकले नाही. उलट मित्र म्हणाला, आधीच्या खोलीवर त्याचे नाव कधी कुणी विचारलेच नव्हते.

दुसरी गोष्ट ओळखपत्राची. भाडेकरूच्या आधारवर पत्ता निघाला सातपूरच्या एका चाळीचा. तो तिथे पूर्वी भाड्याने राहत होता आणि बँक खात्यासाठी त्याने आधारवरचा पत्ता बदलून घेतला होता. हे अगदी नियमात बसते. पण ती एकच प्रत जोडली असती, तर पोलिसांकडे कायमचा पत्ता म्हणून एका जुन्या भाड्याच्या खोलीचा पत्ता गेला असता, जिथे आज त्याला ओळखणारेही कुणी नसेल. मतदार ओळखपत्रावर गावचा पत्ता होता, म्हणून दोन्ही प्रती जोडल्या आणि अर्जात स्पष्ट लिहिले: "आधारवरील पत्ता पूर्वीच्या भाड्याच्या खोलीचा आहे. कायमचा पत्ता मतदार ओळखपत्रावरील."

त्या कायमच्या पत्त्यात गाव आणि तालुका लिहून भागत नाही, त्या गावाचे पोलीस ठाणेही लिहावे लागते. पडताळणी करायचीच ठरली, तर आपल्याकडून विचारणा जाणार त्या ठाण्याला. नुसते "पिंपळगाव, जि. नाशिक" लिहिले तर कोणते समजायचे? निफाडमधले पिंपळगाव बसवंत, येवल्यातले पिंपळगाव जलाल की सातपूरजवळचे पिंपळगाव बहुला? भाडेकरूला आपले ठाणे कोणते ते माहीत असते, कुणी विचारत नाही इतकेच.

प्रती खऱ्या आहेत का, हे मालकाला घरबसल्या बरेचसे पाहता येते. आधारवरचा क्यूआर कोड आधार प्राधिकरणाच्या अ‍ॅपने स्कॅन केला की नाव, पत्ता आणि फोटो समोर येतो. छापलेल्या कागदावर फेरफार केला असेल तर इथे मेळ बसत नाही. नुसत्या झेरॉक्सवर हे कळणे कठीण, कारण झेरॉक्समध्ये चेहरा काळा पडतो आणि कोडही बऱ्याचदा वाचला जात नाही. म्हणून मूळ कार्ड किंवा डाउनलोड केलेले ई-आधार समोर ठेवूनच पाहावे. ठाण्यात देण्यासाठी शेवटचे चारच आकडे दिसणारे मास्क्ड आधार पुरेसे ठरावे असे मला वाटते. मी प्रत्येक प्रतीवर आडवे लिहिले, "फक्त भाडेकरू माहितीसाठी, पोलीस ठाण्यास सादर", आणि खाली तारीख व भाडेकरूची सही घेतली. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याच्या टेबलावर आणि एजंटच्या व्हॉट्सअ‍ॅपवर अनोळखी लोकांची आधार कार्डे कशी लोळत असतात ते पाहिलेल्या माणसाला याचे कारण सांगावे लागू नये.

आता सोसायट्यांबद्दल थोडे. सेक्रेटरी सामान वर चढवू देण्याआधी "पोलीस व्हेरिफिकेशन सर्टिफिकेट" मागतात. मालकाने माहिती दिल्यावर मिळते ती पोच, म्हणजे माहिती मिळाल्याचा शिक्का. भाडेकरू चांगल्या वर्तनाचा आहे असे ती म्हणत नाही. चारित्र्य पडताळणीचे प्रमाणपत्र हे वेगळे प्रकरण, त्यासाठी अर्ज ज्याचा त्याने करायचा असतो. या घोळाचा फटका बसतो तो परप्रांतीय, मुस्लिम आणि एकट्या राहणाऱ्या मुलींना. ज्याला घर द्यायचेच नसते, त्याला "व्हेरिफिकेशन नाही" हे सोयीचे कारण मिळते. आपल्या कार्यालयाने एका परिच्छेदात खुलासा केला, की मालकाच्या अर्जाची शिक्क्याची प्रत सोसायटीला पुरेशी आहे, तर बरेच दरवाजे उघडतील.

पण ती शिक्क्याची प्रत हातात तर असायला हवी. बरेच मालक अर्जाची एकच प्रत घेऊन जातात, ती टेबलावर ठेवतात आणि परततात. पुढे काही घडले की "मी दिले होते" याला पुरावा नसतो. दोन प्रती न्याव्यात, दुसरीवर शिक्का, तारीख, घेणाऱ्याची सही आणि आवक क्रमांक घ्यावा. शिक्का असून आवक क्रमांक नसेल, तर तो अर्ज पुन्हा शोधणे पोलिसांनाही जड जाते. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवरही भाडेकरूची माहिती भरता येते. तिथे भरली तरी पावती जपून ठेवावी.

कायद्याच्या अंगाने एक अडचण आहे, ती आपणच सोडवू शकता. भाडेकरूची माहिती देणे सक्तीचे होते ते बहुधा प्रतिबंधात्मक आदेशाने. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १४४ होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३ आहे. असा आदेश एका वेळी दोन महिन्यांपेक्षा जास्त चालत नाही, राज्य सरकारने मुदत वाढवली नाही तर त्यापुढे नवा काढावा लागतो. मोडणाऱ्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली कारवाई होऊ शकते, आणि त्यात सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड आहे. भाडेकरार मात्र अकरा महिन्यांचा असतो. आदेश आज लागू आहे की नाही, मुदत किती दिवसांची, हे सामान्य मालकाला कळायला मार्ग नाही. प्रत्येक ठाण्याच्या दर्शनी फलकावर चालू आदेशाचा क्रमांक, तारीख आणि तो कधी संपतो ते लावावे. आदेश नसेल तेव्हाही माहिती स्वेच्छेने स्वीकारली जाईल, असे लिहावे.

सर्वांत मोठी गळती अजून सांगायचीच आहे. भाडेकरू आल्याचे आम्ही कळवतो, गेल्याचे कुणी कळवत नाही. कराराच्या छापील मुदतीआधीच कितीतरी मुले नोकरी बदलतात आणि खोली सोडतात. त्यांच्या जागी त्याच करारावर मित्र राहू लागतो, मालकाला भाडे मिळत राहते आणि ठाण्याच्या फाइलमध्ये गेलेला माणूस अजून तिथेच राहत असतो. उद्या त्या घराबद्दल चौकशी आली तर पोलीस निघून गेलेल्या माणसाच्या मागे लागणार आणि आज राहणाऱ्याचा कागदोपत्री मागमूसही नाही. सिंहस्थाच्या तोंडावर शहरात कामासाठी येणारे-जाणारे वाढणार आहेत. शिळी यादी मोठी करत नेण्यात मला फार अर्थ दिसत नाही.

यासाठी नवे पोर्टल नको, अर्धे पान पुरे. मूळ अर्जाचा आवक क्रमांक, सदनिकेचा पत्ता, कोण गेले, कोणत्या तारखेला, कुठे गेल्याचे सांगितले, त्यांच्या जागी कोण आले, मालकाची सही. करारातला भाडेकरू तोच असून सोबतचा बदलला, तरी हेच पान चालेल. आपण हा नमुना ठरवून ठाण्यांना दिलात आणि मूळ अर्जातही "करारात नसलेले रहिवासी" व "मूळ गावचे पोलीस ठाणे" हे दोन रकाने घातलेत, तर बाकी कागद आहेत तसेच राहिले तरी चालतील.

माझ्या भाडेकरूचा मित्र पुढच्या महिन्यात चाकणला नोकरीवर जाणार आहे. त्याचे अर्धे पान मी साध्या कागदावर लिहून त्याच ठाण्यात देणार आहे. ते स्वीकारून मूळ अर्जाला जोडावे, एवढी सूचना तोपर्यंत ठाण्यांपर्यंत पोचावी, ही विनंती.

आपला,
एक घरमालक,
पाथर्डी फाटा, नाशिक