चार तासांच्या आतील मॅरेथॉन : मित्रास पत्र

रत्नागिरी,
दि. २४ सप्टेंबर

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. हाफ मॅरेथॉन १ तास ५२ मिनिटांत पूर्ण केलीस, याबद्दल मनःपूर्वक अभिनंदन. जानेवारीत मुंबईची पूर्ण मॅरेथॉन चार तासांच्या आत धावता येईल का, असे तू विचारले आहेस. येईल, पण तू लिहिलेला बेत मात्र मला मान्य नाही. पहिला अर्धा भाग १ तास ५५ मिनिटांत संपवून पाच मिनिटे गाठीला बांधायची आणि पुढे दमल्यावर ती खर्च करायची, हा हिशेब कागदावरच बरोबर दिसतो.

अमेरिकन अभियंता पीटर रीगल यांचे एक सूत्र धावपटूंमध्ये प्रसिद्ध आहे. त्यानुसार अंतर दुप्पट झाले की वेळ दुप्पट न होता सुमारे २.०८५ पट होते. तुझ्या १ तास ५२ मिनिटांवरून हे सूत्र साधारण ३ तास ५३ मिनिटे ३० सेकंद सांगते, म्हणजे साडेसहा मिनिटे हातात उरतात. परंतु पूर्ण मॅरेथॉनला पुरेल इतका सराव झालेला आहे, हे त्यात गृहीत धरलेले असते. आठवड्याला तीस-पस्तीस किलोमीटर धावणाऱ्या हौशी माणसाच्या बाबतीत ते बहुधा फारच आशावादी ठरते. तेव्हा ती साडेसहा मिनिटे तू वेग वाढवण्यासाठी वापरू नयेस, असे माझे मत आहे.

४२.१९५ किलोमीटर चार तासांत म्हणजे दर किलोमीटरला ५ मिनिटे ४१ सेकंद. तुझ्या बेताप्रमाणे पहिल्या अर्ध्या भागात हा वेग ५ मिनिटे २७ सेकंद पडतो. असे धावणाऱ्याचे पुढे साधारणपणे काय होते, ते आकड्यांतच पाहू. अर्ध्या अंतरापासून तिसाव्या किलोमीटरपर्यंत तू ५ मिनिटे ४० सेकंदांनी धावलास, तर तेथे घड्याळात २ तास ४५ मिनिटे २७ सेकंद झालेले असतील आणि सारे सुरळीत चालले आहे असेच वाटेल. त्यानंतर मांड्या दगडासारख्या होतात आणि वेग ६ मिनिटे ४० सेकंदांवर येतो. उरलेल्या बारा किलोमीटरांना १ तास २१ मिनिटे लागतात, आणि शेवटची वेळ होते ४ तास ६ मिनिटे ४५ सेकंद. आधी पाच मिनिटे कमावली, नंतर बारा गमावली. याचे कारण शरीराच्या इंधनात आहे. स्नायू आणि यकृत यांत साठलेले ग्लायकोजेन सुमारे दोन हजार कॅलरी पुरवते. सत्तर किलोच्या माणसाला हे अंतर धावायला तीन हजारांच्या आसपास कॅलरी लागतात. उरलेली गरज चरबीतून भागते खरी, पण वेग थोडा जरी वाढवला, तरी शरीर चरबी सोडून ग्लायकोजेनकडे वळते आणि साठा लवकर आटतो.

म्हणून माझी मांडणी अशी आहे. पहिले पाच किलोमीटर गर्दीत ५ मिनिटे ४५ सेकंदांनी जावेत. लोक पुढे निघून जातील, त्यांना जाऊ द्यावे. तेथून बत्तिसाव्या किलोमीटरपर्यंत ५ मिनिटे ३८ सेकंद. या हिशेबाने दहाव्या किलोमीटरला ५६ मिनिटे ५५ सेकंद, अर्ध्या अंतरावर १ तास ५९ मिनिटे २६ सेकंद आणि बत्तिसाव्या किलोमीटरला ३ तास ५१ सेकंद होतात. शेवटचे दहा किलोमीटर मग ५ मिनिटे ४८ सेकंदांनी गेले तरी चालते. ही वेळ रस्त्यावरील किलोमीटरच्या पाट्यांशी ताडून पाहा, मनगटावरच्या घड्याळातील अंतराशी नव्हे. मार्गाची मोजणी वळणांच्या सर्वांत आखूड रेषेवरून झालेली असते आणि आपण गर्दीत वाकडेतिकडे जातो, त्यामुळे घड्याळ बऱ्याचदा साडेबेचाळीसच्या पुढे जाते. घड्याळावर नेमके ५ मिनिटे ४१ सेकंद राखणारी माणसे चार तास दोन मिनिटांनी पोहोचतात आणि मग घड्याळाला नावे ठेवतात.

आता सरावाचे. मोठी रविवारची धाव तू ५ मिनिटे ४५ सेकंदांनी करतोस, असे लिहिले आहेस. आपल्या किनाऱ्यावर ऑक्टोबरात हा वेग हलका राहत नाही. हवेत इतका दमटपणा असतो की घाम वाळत नाही, नुसता निथळतो. त्यामुळे अंग थंड होत नाही आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके चढत जातात. रविवारी ६ मिनिटे ३० ते ५० सेकंदांनी धाव. सोबतच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले, तर वेग बरोबर आहे. अंतर अठरापासून हळूहळू वाढवत तीस-बत्तीस किलोमीटरपर्यंत न्यावे. दर चौथ्या आठवड्याला ते कमी करावे. साडेतीन तासांहून अधिक वेळ मात्र एका धावेत घालवू नये, कारण त्यापुढे फायदा थोडा आणि थकवा फार.

नोव्हेंबरमधला एखादा भरगच्च आठवडा असा असू शकेल : मंगळवारी नऊ किलोमीटर, त्यात दहा-दहा मिनिटांचे तीन जलद तुकडे ५ मिनिटे १५ सेकंदांच्या आसपास, बुधवारी आठ किलोमीटर अगदी सावकाश, शुक्रवारी बारा, त्यांपैकी मधले सात-आठ ५ मिनिटे ३८ सेकंदांनी, आणि रविवारी सव्वीस. एकूण पंचावन्न. शुक्रवारचा दिवस चुकवू नकोस, कारण स्पर्धेचा वेग पायांना तेथेच ओळखीचा होतो.

गुडघ्याची बाहेरची बाजू दुखते, असे तू लिहिलेस, आणि पुढच्याच ओळीत गुहागरच्या पुळणीवर वीस किलोमीटर धावल्याचेही. मला या दोहोंचा संबंध दिसतो. पुळण समुद्राकडे उतरती असते. उतारावर आडवे धावताना एक पाय सतत खाली पडतो आणि मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत येणारा पट्टा ताणला जातो. जाताना डावा, येताना उजवा, असे सम होईल असे वाटते. पण परतीच्या वेळी आपण थकलेले असतो आणि भरतीने घट्ट ओली वाळू झाकलेली असते, त्यामुळे वरच्या भुसभुशीत वाळूतून यावे लागते. मीही भाट्याच्या सुरूबनाखाली धावतो, पण फक्त बुधवारची आठ किलोमीटर, आणि तीही ओहोटी पाहून. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पहाटे पाणी दूर गेलेले असते आणि सपाट, कडक पट्टा मिळतो. मोठी धाव डांबरी रस्त्यावरच करावी. दुखणे दोन आठवड्यांत थांबले नाही, तर फिजिओथेरपिस्टला दाखव.

खाण्याविषयी थोडेच लिहितो. स्पर्धेत साखरेचे पहिले जेल चाळिसाव्या मिनिटाच्या सुमारास आणि पुढे दर अर्ध्या तासाने घ्यावे; भूक लागण्याची वाट पाहिली तर उशीर झालेला असतो. हाच क्रम रविवारी पाळून पाहावा, कारण पोट बिघडायचे असेल तर ते गुहागरात बिघडलेले बरे. मीठ घातलेले कोकम सरबत सरावाला उत्तम आहे, पण मुंबईच्या पाणपोईवर ते मिळेल असे गृहीत धरू नकोस. तहान नसताना प्रत्येक टेबलावर पाणी पिऊ नये. रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

शेवटच्या तीन आठवड्यांत अंतर कमी करत जायचे असते. त्या काळात पाय जड वाटतात, आणि भल्याभल्यांना अजून एक तीस किलोमीटर करून पाहण्याची खुमखुमी येते. ती करू नकोस.

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी रत्नागिरीला ये. भाट्याच्या पुलापलीकडे पावसच्या वाटेवर चढण आहे, म्हणून ती सोडून सपाट रस्ता शोधू आणि पंचवीस किलोमीटर करू. त्यांतील शेवटचे पंधरा ५ मिनिटे ३८ सेकंदांनी. दहाव्या जलद किलोमीटरनंतरही श्वास ताब्यात असेल, तर वरचे वेळापत्रक कायम. तेथेच वेग सुटू लागला, तर चार तास दहा मिनिटांचे उद्दिष्ट धरून दर किलोमीटरला ५ मिनिटे ५५ सेकंदांनी सुरुवात करायची, हे आजच ठरवून टाकू. रविवारच्या धावांच्या वेळा तोवर कळवत राहा.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
सुधीर