लिंक मागून पुढे वाचा

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या व्हॉट्सॲप गटांवर बँकेच्या नावाने आलेल्या मेसेजचे स्क्रीनशॉट फिरत असतात आणि खाली एकच प्रश्न असतो, "हे खरं आहे का?" उत्तरे मात्र अंदाजाने दिली जातात. अशा स्क्रीनशॉटमध्ये नेमके कुठे बघायचे, हे एका नमुन्यावरून सांगण्यासाठी हे पत्र.

मेसेज इंग्रजीत आहे. त्याचा आशय असा: "प्रिय ग्राहक, आपली केवायसी संपली आहे. आज सायंकाळी सहापर्यंत पॅन अपडेट न केल्यास खाते बंद होईल." पाठवणाऱ्याच्या जागी दहा आकडी मोबाईल नंबर आहे आणि शेवटी ही लिंक:

```
http://mybank.bank.in.kyc-pan.example/login
```

बँकेचे नाव आणि शेवटचा शब्द इथे मुद्दाम बदलला आहे, म्हणजे कुणी चुकून ती उघडू नये. बाकी घडण नेहमीच्या फसव्या लिंकचीच आहे.

बहुतेकांची नजर आधी इंग्रजीच्या चुकांवर जाते. ती खूण आता भरवशाची राहिली नाही, कारण भामटे बँकेचाच खरा मजकूर उचलून वापरतात. लिंकमध्ये मात्र त्यांना लपवाछपवी करायला फारशी जागा नसते, म्हणून तिथूनच सुरुवात करावी.

लिंक वाचताना `http://` किंवा `https://` सोडून द्या. त्यानंतर जी पहिली एकेरी तिरकी रेघ येते, तिथे थांबा. आता त्या रेघेपासून मागे, म्हणजे उजवीकडून डावीकडे वाचा. साइटचा खरा मालक या टोकाला असतो. वरच्या लिंकमध्ये रेघेच्या अगदी आधी `kyc-pan.example` आहे, म्हणजे साइट त्या नावाच्या मालकाची. त्याच्या डावीकडे `mybank.bank.in` लिहिलेले असले तरी ती नुसती पाटी आहे. स्वतःच्या साइटच्या नावाआधी कुणालाही काहीही लिहिता येते. आपण डावीकडून वाचतो, ओळखीचे नाव दिसले की थांबतो, आणि फसवणाऱ्याला तेवढेच पुरते.

रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना आपल्या साइट 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत `.bank.in` या नावाखाली आणायला सांगितले होते. हे नाव फक्त बँकांनाच मिळते. त्यामुळे पहिल्या तिरक्या रेघेच्या अगदी आधी `.bank.in` आहे का, एवढेच तपासायचे. `bank` च्या आधी टिंबच हवे. तिथे आडवी रेघ असेल तर ते वेगळेच, कुणालाही विकत घेता येणारे नाव होते. एक मर्यादा ध्यानात ठेवा: आपल्याकडच्या क्रेडिट सोसायट्या आणि पतसंस्था बँक नाहीत, त्यांना हे नाव मिळत नाही. त्यांच्या नावाने लिंक आली तर शाखेत किंवा रोज पिग्मी गोळा करायला येणाऱ्या माणसालाच विचारावे. लिंक आखूड केलेली असेल तर तिचे टोक दिसतच नाही, तेव्हा ती सोडूनच द्यावी. आणि ब्राउझरमधले कुलपाचे चिन्ह फक्त सांगते की मधल्या वाटेत कुणी वाचत नाही. पलीकडे कोण बसले आहे, हे ते सांगत नाही.

आता पाठवणाऱ्याचे नाव. बँकेचे अधिकृत मेसेज मोबाईल नंबरवरून येत नाहीत, नोंदणी केलेल्या अक्षरी नावाने येतात. मे 2025 पासून त्या नावाच्या शेवटी आडवी रेघ आणि P, S, T किंवा G यांपैकी एक अक्षर असते: जाहिरात, सेवा, व्यवहार, सरकारी. आपल्या नमुन्यात दहा आकडी नंबर आहे, म्हणजे तो इथेच नापास झाला. नावाच्या आधीची दोन अक्षरे मेसेज कोणत्या मोबाईल कंपनीतून आणि विभागातून निघाला, ते दाखवतात. ती आपल्या सिमवरून ठरत नाहीत, आणि एकाच बँकेच्या मेसेजआधी शेजाऱ्याच्या फोनवर वेगळी अक्षरे दिसू शकतात. त्यावरून खरे-खोटे ठरवू नये. आणि नाव बरोबर दिसले तरी पुरावा पूर्ण होत नाही. फोन सारख्या नावाचे मेसेज एकाच रांगेत लावतो, त्यामुळे नावाची नक्कल करून आलेला मेसेज बँकेच्या जुन्या मेसेजांखाली जाऊन बसतो.

राहिली ती "आज सहापर्यंत"ची धमकी. केवायसी अशी एका संध्याकाळी संपत नाही. रिझर्व्ह बँकेने जून 2025 मध्ये केलेल्या बदलानुसार मुदत संपण्याआधी बँकेने किमान तीन सूचना द्यायच्या आहेत, त्यांतली निदान एक पत्राने. मुदत उलटल्यावरही तशाच तीन आठवणी, पुन्हा एक पत्राने. घरी पत्र आलेले नसताना थेट शेवटची घटका दाखवणारा मेसेज हा नियमाशीच जुळत नाही. शंका असेल तर पासबुक घेऊन शाखेत जावे. माहितीत बदल नसेल तर साध्या स्वयंघोषणेवर केवायसी नव्याने होते.

अशा लिंकवरून कधी पान उघडण्याऐवजी एक फाइल उतरते, जिच्या नावाच्या शेवटी `.apk` असते. म्हणजे ते एक ॲप असते. ही फाइल सगळ्यांत वाईट. ती बसवताना मेसेज वाचण्याची परवानगी मागते, आणि ती दिली की ओटीपी आपोआप पलीकडे जातो. "मी कुणालाच ओटीपी सांगितला नाही" असे म्हणणारे खोटे बोलत नसतात, त्यांच्या फोननेच तो सांगितलेला असतो. असे झाले तर फोन लगेच एअरप्लेन मोडवर टाका, वायफायही बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते, कार्ड, यूपीआय थांबवा. बँकेचा नंबर पासबुकावरून किंवा कार्डामागून घ्या, मेसेजमधून नव्हे. पैसे गेले असतील तर त्याच बैठकीत 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. पैसे पुढच्या खात्यांत पसरण्याआधी गोठवायचे असतात, इथे मिनिटे मोजली जातात. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकाप्रमाणे, ग्राहकाच्या चुकीने माहिती गेली असली तरी बँकेला कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे असते, आधीचे ग्राहकाचे. म्हणून तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा.

पैसे गेले नसतील, नुसता मेसेज आला असेल, तर तो दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरच्या 'चक्षू' या सोयीत कळवता येतो. तिथे स्क्रीनशॉटही जोडता येतो, तेव्हा त्यात पाठवणाऱ्याचे नाव, तारीख-वेळ आणि संपूर्ण लिंक दिसू द्या. गटावर टाकताना मात्र उलट करा: आपल्या खात्याचे आकडे आणि शिल्लक झाका, लिंकवर आडवी रेघ मारा आणि मेसेज फॉरवर्ड न करता चित्रच पाठवा. चित्रातली लिंक बोट लागून चुकून उघडत नाही. फॉरवर्ड केलेली मात्र गटातल्या आजी-आजोबांच्या फोनवर जिवंतच पोहोचते.

आपला,
एक वाचक
खानापूर, जि. बेळगाव