शेवटच्या सेशनसाठी आभार

मॅडम,

तुम्ही माझं समुपदेशन ज्या पद्धतीने संपवलंत, त्यासाठी हे जाहीर आभार.

दीड-दोन महिने आधीच तुम्ही विषय काढलात. ज्यासाठी आलो होतो त्यातलं बरंचसं झालंय, पुढे काय वाटतं, असं विचारलंत. शेवटची तारीख दोघांनी मिळून ठरवली आणि दर आठवड्याची भेट पंधरवड्यावर गेली.

तारीख ठरली आणि माझी झोप पुन्हा उडाली. मी म्हटलं, बघा, अजून जमत नाही, वाढवूया. तुम्ही आधी चौकशी केलीत: जेवण होतंय का, ऑफिस चालू आहे का, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात का? बाकी सगळं सुरळीत होतं, झोप फक्त सेशनच्या आदल्या रात्री जायची. खरी घसरण असती तर तारीख पुढे नेली असती, म्हणालात. पण शेवट जवळ आला की जुना त्रास असा थोडा डोकं वर काढतो. तारीख तीच राहिली.

पुढच्या वेळी मी आलोच नाही. ‘आता बरं आहे, इथेच थांबतो’ असा मेसेज टाकला. तुम्ही रागावला नाहीत, पण मेसेजवर संपवलंही नाहीत. एकदा येऊन जा म्हणालात. आणि आल्यावर विचारलंत, याआधी कुणाचा निरोप घ्यायचा राहिलाय का?

आजी. ती अत्यवस्थ झाली तेव्हा मला आत्याकडे पाठवलं होतं. परत आलो तोवर तेरावं उरकलेलं, तिची कॉट हललेली. भिंतीवर ती डोकं टेकायची तिथला तेलाचा डाग तेवढा होता. कुणी काही बोललं नाही, मीही विचारलं नाही. पुढे नोकऱ्या, मित्र, एक ठरत आलेलं लग्न, सगळीकडून मी असाच न सांगता निघालो, हे तुमच्यासमोर बसून पहिल्यांदा जुळलं.

शेवटच्या सेशनला निरोपाचं बोलणं तुम्ही अखेरच्या पाच मिनिटांवर ढकललं नाहीत, तिथूनच सुरुवात केलीत. पहिल्या दिवशीचा माझा फॉर्म काढून काय बदललं, काय तसंच राहिलं ते पाहिलं. तुमचं काय खटकलं, हेही विचारलंत. मे महिन्यातली तुमची सुट्टी मला आयत्या वेळी कळली होती, ते मी सांगितलं. तुम्ही सबब न देता मान्य केलंत. (इतकी वर्षं मला वाटायचं, जाताना तक्रार केली की नातंच मोडतं.) मग परत कधी यायचं त्याच्या खुणा लिहून घेतल्या: सलग दोन आठवडे झोप नाही, किंवा माणसांचे फोन उचलणं बंद. वेळ संपली तेव्हा तुम्ही उठलात, तुमच्यासोबत काम करून बरं वाटलं म्हणालात, आणि मीही तेच म्हणू शकलो.

आजीचा निरोप त्याने पुरा झाला नाही, तो व्हायचाही नाही. पण आईला त्या दिवसांबद्दल विचारलं. आजी माझी चौकशी करत होती म्हणे. भावाला फोन करायचा अजून राहिलाय. तेवढं आता माझं मी बघतो.

आपला,
एक माजी क्लायंट