नकाशाच गायब असलेल्या समोच्च रेषांच्या प्रश्नसंचाबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : 'समोच्च रेषा व भूरूपे' या सशुल्क सराव संचात नकाशा न दिसणे आणि त्यामुळे चुकीचे गुणांकन होणे

महोदय / महोदया,

मी भूगोल शिकवतो आणि तुमच्या सराव संचाचा वर्गणीदार आहे. वरील संचातल्या एका प्रश्नगटाच्या सुरुवातीला 'पुढील नकाशाचे निरीक्षण करा' अशी सूचना आहे. नकाशाच्या जागी मात्र कोरी चौकट दिसते. मोबाइल आणि संगणक दोन्हींवर पाहिले, फरक नाही. तुमच्या मदत कक्षाने मला कळवले की प्रश्न 'मजकुरावरून सोडवता येण्यासारखे' आहेत. हे मला मान्य नाही. का, ते सविस्तर लिहितो.

त्या गटातला एक प्रश्न असा आहे : 'क ते ख या रेषेवर समोच्च रेषा V आकाराच्या असून त्यांची टोके उत्तरेकडे आहेत. येथे कोणते भूरूप आहे?' पर्यायांत दरी आणि डोंगरधार दोन्ही आहेत. तुमचे उत्तर दरी, आणि स्पष्टीकरण एवढेच की रेषा V आकाराच्या आहेत.

आकारावरून हे ठरत नाही. समजा, दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना रेषांवर 500, 520, 540 मीटर असे आकडे आहेत. टोके जास्त उंचीकडे वळली आहेत, म्हणून ती दरी. आता रेषा तशाच ठेवून आकडे उलटे लिहा : 540, 520, 500. टोके कमी उंचीकडे वळली आणि तीच आकृती डोंगरधार झाली. पडताळाही सोपा आहे. टोकांना जोडणाऱ्या रेषेवर उभे आहोत असे समजून आडवे सरकावे. दोन्ही बाजूंना उंची वाढत असेल तर आपण दरीत आहोत, घटत असेल तर धारेवर. दरीच्या रेषा बहुधा टोकदार आणि धारेच्या गोलसर असतात हे खरे, पण तो कल आहे, पुरावा नव्हे. पुरावा आकड्यांत असतो आणि आकडे त्या न दिसणाऱ्या नकाशावर आहेत. 'डोंगरधार' निवडणाऱ्या विद्यार्थ्याला तुमची यंत्रणा चूक ठरवते, तेव्हा तिच्याकडे त्याला चूक म्हणण्याचा आधारच नसतो. विद्यार्थी मग 'V म्हणजे दरी' एवढेच पाठ करून जातो, याचे मला सर्वांत वाईट वाटते.

दुसरा प्रश्न उताराचा आहे. क ची उंची 540 मीटर, ख ची 620 मीटर, प्रमाण 1 : 50,000 आणि 'अंतर नकाशावर मोजा'. स्पष्टीकरणात अंतर 4 सेंमी धरले आहे. म्हणजे जमिनीवर 2,000 मीटर, उंचीतला फरक 80 मीटर, उतार 1 : 25. हा हिशोब बिनचूक आहे. प्रश्नातच '4 सेंमी' लिहिले असते, तर नकाशाशिवायही तो सुटला असता.

येथे मला एक धोका दिसतो. तुम्ही नुसते चित्र परत जोडले तरी हा प्रश्न दुरुस्त होणार नाही. पडद्यावर चित्र लहान-मोठे होते. ते निम्म्या आकारात दिसले, तर विद्यार्थी 2 सेंमी मोजेल, जमिनीवरचे अंतर 1,000 मीटर धरेल आणि उतार 1 : 12.5 काढेल. त्याची रीत बरोबर असूनही उत्तर चुकेल, कारण 1 : 50,000 हे अंकप्रमाण चित्राच्या मूळ आकारालाच लागू असते. रेषाप्रमाण नकाशाबरोबर तितकेच आक्रसते किंवा ताणले जाते, म्हणून पडद्यावर तेच भरवशाचे. नकाशा परत टाकताना त्यावर रेषाप्रमाणाची पट्टी छापलीच पाहिजे.

अंतर्वक्र की बहिर्वक्र, हा उताराच्या आकाराचा प्रश्न शब्दांतही नीट मांडता येतो. 'रेषांतर 20 मीटर. शिखराकडून पायथ्याकडे लगतच्या रेषांमधली जमिनीवरची अंतरे 100, 150, 300, 600 मीटर' एवढे दिले की पुरे. वर 1 : 5 आणि खाली 1 : 30, म्हणजे माथ्याजवळ तीव्र आणि पायथ्याशी मंद : अंतर्वक्र उतार. चित्र उघडत नसेल तेव्हा, किंवा ज्यांना ते दिसू शकत नाही त्यांच्यासाठी, असा मजकूर सोबत असायलाच हवा.

माझ्या मागण्या अशा : नकाशा पूर्ववत होईपर्यंत हा गट गुणांकनातून वगळावा आणि ज्यांचे गुण कापले गेले त्यांना ते परत द्यावेत. दरीच्या प्रश्नाचे स्पष्टीकरण रेषांवरील उंचीच्या आधारे नव्याने लिहावे. दुरुस्ती किती दिवसांत होईल ते लेखी कळवावे. ती होणार नसेल तर या संचाचे शुल्क परत करावे. कोऱ्या चौकटीची स्क्रीनछायाचित्रे सोबत जोडली आहेत.

आपला,
एक वर्गणीदार शिक्षक